भाषांतर केले म्हणून मजकूर आपला होत नाही
बी.एड.च्या असाइनमेंटमधील संदर्भ, स्वशब्दांतील मांडणी आणि नकळत होणारे वाङ्मयचौर्य

पालघर : दिवसा शाळेत तास घ्यायचे आणि रात्री बी.एड.ची असाइनमेंट लिहायची, असा दिनक्रम पालघर, बोईसर आणि तारापूर परिसरातील अनेक शिक्षक-विद्यार्थ्यांच्या वाट्याला येतो. विषय बहुधा आपल्याच वर्गाशी निगडित असतो. तारापूर औद्योगिक वसाहतीमुळे बोईसरमध्ये निरनिराळ्या राज्यांतून कामगार कुटुंबे आली. त्यामुळे येथील एकाच वर्गात मराठी, हिंदी, गुजराती आणि वारली बोलणारी मुले शेजारी शेजारी बसलेली दिसतात. साहजिकच ‘घरची भाषा आणि शाळेची भाषा’ हा विषय अनेक जण निवडतात. अडचण पुढे येते. या विषयावरील महत्त्वाचे लेख इंग्रजी शोधपत्रिकांतून प्रसिद्ध झालेले आहेत आणि असाइनमेंट तर मराठीत लिहावयाची आहे. मग इंग्रजी परिच्छेद वाचायचा, त्याचे मराठी करायचे आणि वहीत उतरवायचे, हा मार्ग सोपा वाटतो. शब्द आपले, लिपी आपली, वाक्यही आपणच रचलेले. मग यात चोरी कोठे झाली, असा प्रश्न प्रामाणिक विद्यार्थ्यालाही पडतो.

या प्रश्नाचे उत्तर असे की, वाङ्मयचौर्य केवळ शब्दांचे होत नाही. विचार, युक्तिवादाचा क्रम, निरीक्षणे आणि निष्कर्ष हे सारे मूळ लेखकाचे श्रम आहेत. भाषा बदलल्याने त्यांची मालकी बदलत नाही. मराठीतून लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातून नकळत होणारी सर्वांत मोठी चूक याच ठिकाणी होते, म्हणून तिचा थोडा विस्ताराने विचार केला पाहिजे.

‘दहा टक्के चालते’ हा गैरसमज

प्रथम नियम नेमका काय आहे ते पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०१८ मध्ये उच्च शिक्षण संस्थांतील वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी विनियम अधिसूचित केले. त्यांत साम्याच्या प्रमाणानुसार चार पातळ्या ठरविण्यात आल्या. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्याहून अधिक व ४० टक्क्यांपर्यंत साम्य आढळल्यास प्रबंध सुधारून ठरावीक मुदतीत, म्हणजे जास्तीत जास्त सहा महिन्यांत, पुन्हा सादर करावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान एक वर्षापर्यंत सुधारित प्रबंध सादर करण्यास मनाई होते आणि ६० टक्क्यांच्या पुढे नोंदणीच रद्द होते. सामान्य ज्ञानातील अथवा योगायोगाने जुळलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे साम्य या मोजणीतून वगळले जाते. रीतसर श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर आणि संदर्भसूची यांनाही वगळले जाते.

यातूनच ‘दहा टक्के उचलले तरी चालते’ आणि ‘चौदा शब्दांपर्यंत चालते’ ही दोन वाक्ये विद्यार्थ्यांत रूढ झाली आहेत. दोन्हींचा अर्थ चुकीचा लावला जातो. हे विनियम पदव्युत्तर आणि संशोधन पदवीसाठी सादर होणारे प्रबंध, लघुप्रबंध, शोधनिबंध, पुस्तके अशा लेखनासाठी आहेत. असाइनमेंट, सत्रनिबंध, प्रकल्प अहवाल, निबंध आणि उत्तरपत्रिका यांना त्यांच्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळण्यात आले आहे. म्हणजे एम.एड.च्या लघुप्रबंधाला हे टक्के लागू होतात, बी.एड.च्या असाइनमेंटला नाही. याचा अर्थ असाइनमेंटमध्ये मोकळीक आहे असा मात्र नव्हे. तेथे टक्क्यांचे कवचही नाही एवढाच त्याचा अर्थ. तेथील निर्णय महाविद्यालयाचे नियम आणि तपासणारे प्राध्यापक यांच्यावर सोपविलेला असतो आणि एक परिच्छेद उचललेला आढळला तरी गुण जाऊ शकतात.

दुसरा मुद्दा संगणकीय तपासणीचा. इन्फ्लिबनेट या केंद्राने २०१९ मध्ये ‘शोधशुद्धी’ ही सेवा सुरू करून विद्यापीठांना साम्य शोधणारी आज्ञावली उपलब्ध करून दिली. अशा आज्ञावली मुख्यतः मजकुराशी मजकूर ताडून पाहतात. इंग्रजी लेखाचे मराठी भाषांतर त्यांना सहसा सापडत नाही. म्हणून अहवालात साम्य शून्य दिसले, तरी लेखन निर्दोष ठरत नाही. उलट रीतसर अवतरण दिलेल्या निबंधात साम्याचा आकडा मोठा दिसू शकतो. हा आकडा वाङ्मयचौर्य मोजत नाही, तर जुळणारे शब्द मोजतो.

मग भाषांतरित मजकूर तपासनीसाला ओळखू येतो कसा? त्याच्या खुणा ठरलेल्या असतात. बोईसरच्या शाळेवरील निबंधात मध्येच ‘आम्ही निवडलेल्या शाळांमध्ये’ असे वाक्य येते आणि विद्यार्थ्याने तर एकही शाळा निवडलेली नसते. ‘मागील प्रकरणात म्हटल्याप्रमाणे’ असा उल्लेख येतो आणि मागे प्रकरणच नसते. चार साधी मराठी वाक्ये झाल्यावर पाचवे वाक्य अचानक चार ओळींचे, ‘जे की’, ‘ज्यायोगे’ अशा जोडांनी भरलेले येते. परदेशातील शाळापद्धतीचे संदर्भ तसेच राहून जातात. अनुभवी प्राध्यापकाला हे ओळखण्यासाठी संगणकाची गरज लागत नाही.

एक उतारा, तीन मांडण्या

प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. पुढील उतारा या लेखासाठीच रचलेला आहे. तो कोणत्याही शोधपत्रिकेतील नाही. समजा, ‘क्ष’ या लेखकाच्या २०१६ मधील इंग्रजी लेखाच्या ४५व्या पानावरील परिच्छेदाचा शब्दशः अर्थ असा आहे : ‘ज्या मुलांची घरची भाषा शाळेच्या भाषेहून वेगळी असते, त्यांना पहिल्या दोन वर्षांत वाचनात येणारी अडचण बहुधा बुद्धीची नसून शब्दसंग्रहाची असते. आम्ही निरीक्षण केलेल्या ६ शाळांपैकी ज्या ४ शाळांत शिक्षकांनी सूचना देताना घरच्या भाषेचा वापर केला, तेथे मुले अधिक प्रश्न विचारू लागली. मात्र वाचनचाचणीच्या गुणांत सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय फरक आढळला नाही.’

पहिली मांडणी पाहा : ‘ज्या बालकांची मातृभाषा शाळेतील भाषेपेक्षा निराळी असते, त्यांना सुरुवातीच्या दोन वर्षांत वाचताना येणारी समस्या साधारणतः बुद्धिमत्तेची नसून शब्दसाठ्याची असते. सहापैकी ज्या चार शाळांमध्ये अध्यापकांनी सूचनांसाठी मातृभाषा वापरली, तेथे विद्यार्थी जास्त प्रश्न विचारू लागले.’ येथे ‘मुले’चे ‘बालके’, ‘वेगळी’चे ‘निराळी’ आणि ‘अडचणी’ची ‘समस्या’ झाली. वाक्यांची घडण, त्यांचा क्रम आणि ‘नसून... असते’ हा सांधा जसाच्या तसा राहिला. अमेरिकेतील लेखनशास्त्राच्या अभ्यासक रिबेका मूर हॉवर्ड यांनी १९९०च्या दशकात अशा लेखनाला ‘पॅचरायटिंग’ हे नाव दिले. आपल्याकडे त्याला ठिगळकाम म्हणता येईल. हॉवर्ड यांचा मुद्दा असा की, असे लेखन करणारा बहुधा लबाड नसतो. अनोळखी विषयाची भाषा त्याच्या अंगवळणी पडलेली नसते, म्हणून तो मूळ वाक्याला धरून चालतो. तथापि, कारण कळले तरी दोष उरतोच. त्यातच या मांडणीत लेखकाचे नाव नाही, म्हणजे हे सरळ वाङ्मयचौर्य झाले. शेवटी ‘(क्ष, २०१६)’ असे जोडले तर विचाराचे श्रेय दिले जाईल; पण वाक्यरचना विद्यार्थ्याचीच आहे असा वाचकाचा समज मात्र तसाच राहील.

दुसरी मांडणी अशी : ‘क्ष (२०१६) यांच्या मते शिक्षकांनी घरची भाषा वापरल्यास मुलांचे वाचन सुधारते.’ येथे श्रेय आहे आणि वाक्यही स्वतंत्र आहे. तरीही ही मांडणी पहिलीहून अधिक धोक्याची आहे, कारण क्ष यांनी असे म्हटलेलेच नाही. प्रश्न विचारणे वाढले, वाचनाचे गुण वाढले नाहीत, असे त्यांचे निरीक्षण होते. संक्षेप करताना ‘मात्र’पासून पुढचा भाग गळाला आणि निष्कर्ष उलटा झाला. वाङ्मयचौर्य टाळण्याच्या घाईत शब्द फार दूर नेले की हा अपघात घडतो. ‘बहुधा’, ‘काही अंशी’, ‘या नमुन्यापुरते’ असे मर्यादा सांगणारे शब्द संशोधकाने मोजून वापरलेले असतात. ते गाळण्याची मुभा कोणालाही नाही.

तिसरी मांडणी : ‘क्ष (२०१६) यांनी सहा शाळांच्या निरीक्षणातून वर्गातील सहभाग आणि वाचनकौशल्य या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या आहेत. चार शाळांत सूचना घरच्या भाषेतून दिल्या जात होत्या आणि तेथे मुलांचे प्रश्न वाढले, वाचनचाचणीत मात्र सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय फरक आढळला नाही (पृ. ४५). माझ्या वर्गात वारली बोलणारी मुले गप्प बसतात. त्यामुळे या निरीक्षणाचा पहिला भाग मला अधिक उपयुक्त वाटतो.’ येथे काय काय घडले ते पाहण्यासारखे आहे. लेखकाचे नाव परिच्छेदाच्या आरंभी आले, म्हणून उसना मजकूर कोठून सुरू झाला ते कळले. पानाचा क्रमांक आला, तेथे तो संपला. ‘माझ्या वर्गात’पासून विद्यार्थ्याचा स्वतःचा विचार सुरू झाला. क्रम बदलला, कारण विद्यार्थ्याने मुद्दा समजून घेऊन तो आपल्या प्रश्नाच्या दिशेने मांडला. ‘सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय’ हा शब्दप्रयोग मात्र तसाच ठेवला. तो पारिभाषिक आहे. त्याच्या जागी ‘मोठा फरक’ लिहिले असते तर अर्थ बदलला असता. संज्ञा बदलायच्या नसतात, वाक्य नव्याने बांधायचे असते.

चूक घडते वहीत, दिसते असाइनमेंटमध्ये

नकळत होणाऱ्या वाङ्मयचौर्याचे मूळ बहुतेक वेळा टिपणांच्या वहीत असते. इंग्रजीत लिहिणारा विद्यार्थी मूळ वाक्य उतरवतो तेव्हा त्याला अवतरणचिन्हे घालण्याची आठवण तरी राहते. मराठी विद्यार्थी वाचता वाचताच भाषांतर करून टिपतो. तीन आठवड्यांनी तीच वही उघडली की सगळीच वाक्ये मराठीत आणि आपल्याच अक्षरात दिसतात. कोणते वाक्य लेखकाचे भाषांतर, कोणते आपले सार आणि कोणता आपला विचार, हे तेव्हा स्वतःलाही सांगता येत नाही.

त्यावर उपाय साधा आहे. टिपण करतानाच प्रत्येक नोंदीपुढे खूण करावी. वाक्यशः भाषांतर असेल तर ‘भा.’, वाचून पुस्तक मिटल्यावर लिहिलेले सार असेल तर ‘सा.’ आणि स्वतःचा विचार असेल तर ‘मा.’. पहिल्या दोन खुणांसोबत लेखकाचे आडनाव, वर्ष आणि पान लिहिल्याखेरीज पुढची ओळ लिहू नये. असाइनमेंट लिहिताना ‘भा.’ खूण असलेली नोंद जशीच्या तशी उचलू नये. मूळ परिच्छेद पुन्हा वाचावा, तो बंद करावा, त्याचा मुद्दा सहकाऱ्याला सांगावा तसा लिहावा आणि मग मूळ मजकुराशी दोन गोष्टी ताडून पाहाव्यात. वाक्यांचा सांगाडा सारखा आहे काय, आणि अर्थ ढळला आहे काय. पहिल्याचे उत्तर ‘होय’ आले तरी पुन्हा लिहावे, दुसऱ्याचे ‘होय’ आले तरी पुन्हा लिहावे.

मुद्दा सांगताच आला नाही, तर लेख समजलेला नाही असे समजावे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मिगेल रॉइग यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाविद्यालयीन प्राध्यापकांनाच उतारे स्वतःच्या शब्दांत मांडायला दिले होते. उतारा कठीण असताना त्यांच्यापैकीही अनेकांनी मूळ शब्दरचना उचलली. वाचायला सोपा उतारा दिल्यावर हे प्रमाण पुष्कळ घटले. म्हणून कठीण लेखाला भिडण्यापूर्वी त्याच विषयावरील एखादा सोपा लेख वाचणे हा आळस नव्हे. ती पूर्वतयारी आहे.

काही वेळा लेखकाची व्याख्या किंवा वाक्य तंतोतंत द्यावेच लागते. शिक्षणशास्त्रात सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘एपीए’ शैलीनुसार आपण स्वतः केलेले भाषांतर हे अवतरण मानले जात नाही, तर स्वशब्दांतील मांडणी मानले जाते. त्यामुळे त्याला अवतरणचिन्हे लागत नाहीत; लेखकाचे नाव आणि वर्ष मात्र द्यावेच लागते. सलग दोन-तीन वाक्ये भाषांतरित करून घेतली असतील, तर ‘क्ष यांच्या विवेचनाचा हा स्वैर अनुवाद आहे’ असे मजकुरातच म्हणावे. तेवढ्या एका वाक्याने वाचकाची दिशाभूल टळते.

एकाच वर्षाचे दोन कमिन्स

आता संदर्भांच्या सुसंगतीकडे वळू. बोईसरमधील एखादी शिक्षिका ‘बहुभाषिक वर्ग’ या विषयावर लिहीत आहे असे समजा. या विषयात जिम कमिन्स या कॅनडातील अभ्यासकाचे नाव टाळता येत नाही. मुलाने दुसऱ्या भाषेत किती प्रावीण्य मिळवावे हे काही अंशी त्याच्या पहिल्या भाषेच्या विकासावर अवलंबून असते, हे त्यांचे परस्परावलंबनाचे गृहीतक. रोजच्या बोलण्यातील भाषा आणि अभ्यासातील भाषा या दोन वेगळ्या क्षमता आहेत, हे त्यांचे दुसरे प्रसिद्ध प्रतिपादन. मार्गदर्शिकांतून या दोन्ही मुद्द्यांपुढे ‘कमिन्स, १९७९’ एवढेच छापलेले आढळू शकते आणि विद्यार्थी तेच उतरवून घेतो.

वस्तुतः हे दोन वेगळे लेख आहेत. परस्परावलंबनाचा विचार ‘रिव्ह्यू ऑफ एज्युकेशनल रिसर्च’ या शोधपत्रिकेच्या ४९व्या खंडातील दुसऱ्या अंकात, २२२ ते २५१ या पानांवर आहे. बोलण्याची आणि अभ्यासाची भाषा हा भेद ‘वर्किंग पेपर्स ऑन बायलिंग्वलिझम’ या मालिकेच्या १९व्या अंकात मांडला आहे. दोहोंचे वर्ष एकच, म्हणून वर्षापुढे अक्षर जोडावे लागते. शीर्षकांच्या वर्णक्रमाने ‘कॉग्निटिव्ह’ने सुरू होणारा दुसरा लेख १९७९अ होतो आणि ‘लिंग्विस्टिक’ने सुरू होणारा पहिला लेख १९७९आ. मजकुरात परस्परावलंबनाविषयी लिहिताना ‘(कमिन्स, १९७९आ)’ असे यावे आणि सूचीत त्याची नोंद अशी दिसावी : कमिन्स, जे. (१९७९आ). लिंग्विस्टिक इंटरडिपेन्डन्स अँड द एज्युकेशनल डेव्हलपमेंट ऑफ बायलिंग्वल चिल्ड्रन. रिव्ह्यू ऑफ एज्युकेशनल रिसर्च, ४९(२), २२२–२५१. त्यापुढे डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा संगणकीय पत्ता, दुव्याच्या स्वरूपात येतो :

https://doi.org/10.3102/00346543049002222

एपीएच्या सातव्या आवृत्तीत शोधपत्रिकेचे नाव आणि खंड क्रमांक तिरप्या अक्षरांत असतो, लेखाचे शीर्षक साध्या अक्षरांत. हस्तलिखितात तिरपे अक्षर शक्य नसते, तेव्हा अधोरेखन करावे. पण प्रत्येक नोंदीत तेच करावे. इंग्रजी संदर्भ देवनागरीत द्यायचे की रोमन लिपीत, हे महाविद्यालयाने सांगितले नसेल तर स्वतः ठरवावे आणि शेवटपर्यंत पाळावे. रोमन लिपी निवडली तर मराठी आणि इंग्रजी अशा दोन सूची वर्णक्रमाने स्वतंत्र द्याव्यात. अर्धी नावे देवनागरीत आणि अर्धी रोमनमध्ये अशी मिसळ केली की वर्णक्रमच उरत नाही.

येथे आणखी एक प्रश्न निर्माण होतो. शिक्षिकेने कमिन्स यांचा लेख वाचला आहे काय? मार्गदर्शिकेत त्यांच्याविषयी दोन परिच्छेद वाचले असतील, तर ‘(कमिन्स, १९७९आ)’ असे लिहिणे म्हणजे न वाचलेला लेख वाचल्याचे सांगणे होय. अशा वेळी ‘कमिन्स (१९७९) यांचा विचार, य (२०१५) यांनी उद्धृत केल्याप्रमाणे’ अशी मांडणी करावी आणि सूचीत फक्त ‘य’ यांच्या पुस्तकाची नोंद द्यावी. यात कमीपणा नाही. मार्गदर्शिकेत चुकीचे वर्ष छापलेले असेल तर ती चूक कोणाची, हेही त्यामुळे वाचकाला कळते.

आडनाव, आद्याक्षरे आणि जिल्हा

मराठी लेखनात सुसंगती बिघडते ती मुख्यतः नावांवरून. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांचे पूर्ण नाव जयंत पांडुरंग नाईक. इंग्रजी पुस्तकावरून घेतलेल्या नोंदीत ते ‘नाईक, जे. पी.’ होतात आणि मराठी पुस्तकावरून घेतलेल्या नोंदीत ‘नाईक, ज. पां.’. एकाच सूचीत दोन्ही आले की वाचकाला दोन वेगळे लेखक वाटतात आणि वर्णक्रमात ते दूरही जातात. एक रूप निवडून तेच सर्वत्र ठेवावे. दोनपेक्षा अधिक लेखक असतील तर एपीएच्या सातव्या आवृत्तीनुसार पहिल्या उल्लेखापासूनच पहिले आडनाव देऊन ‘व इतर’ लिहितात. ते कोठे ‘व इतर’, कोठे ‘आणि सहकारी’, कोठे ‘इ.’ असे होऊ नये.

आपल्या जिल्ह्यातील उदाहरण अधिक बोलके आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व पुढे कोसबाड येथे केलेले अंगणवाडी आणि कुरणशाळेचे प्रयोग पालघरच्या असाइनमेंटमध्ये हमखास येतात. लिहिताना आपण आदराने ‘ताराबाई’, ‘अनुताई’ म्हणतो. त्यात वावगे काही नाही. परंतु कंसातील संदर्भ हा सूचीतील नोंदीचा पत्ता असतो. सूचीत नोंद ‘मोडक’ आणि ‘वाघ’ या आडनावांनी आहे, तर कंसातही तीच हवीत. ‘(ताराबाई, १९५०)’ असे लिहिले तर वाचक ‘त’ अक्षराखाली शोधील आणि त्याला काही सापडणार नाही. वाक्यात ‘अनुताई वाघ यांनी’ असे पूर्ण नाव घेऊन कंसात फक्त वर्ष दिले, तर आदरही राखला जातो आणि पत्ताही.

याच विषयात जिल्ह्याचा पेच येतो. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यामुळे जुन्या ग्रंथांत बोर्डी, कोसबाड, तारापूर ही गावे ठाणे जिल्ह्यात असणारच. संदर्भ देताना ग्रंथाचे शीर्षक ‘सुधारू’ नये. ते छापले आहे तसेच द्यावे आणि मजकुरात ‘तत्कालीन ठाणे जिल्हा’ असा खुलासा करावा. आकडेवारीत ही चूक अधिक गंभीर होते. ‘पालघर जिल्ह्याचे साक्षरतेचे प्रमाण (जनगणना, २०११)’ असे अनेक ठिकाणी लिहिलेले दिसते. २०११ मध्ये पालघर जिल्हाच नव्हता. जनगणनेचे मूळ तक्ते ठाणे जिल्ह्याचे आहेत. आज दिसणारे पालघरचे आकडे वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा या आठ तालुक्यांची बेरीज करून नंतर तयार केलेले आहेत. ती बेरीज एखाद्या शासकीय प्रकाशनातून घेतली असेल तर संदर्भ त्या प्रकाशनाचा द्यावा. स्वतः केली असेल तर ‘जनगणना २०११च्या तालुकानिहाय आकड्यांवरून संकलित’ असे लिहावे. जनगणनेचे नाव देऊन जनगणनेत नसलेला तक्ता सांगणे हाही चुकीचा संदर्भच होय.

शेवटची अर्धा तास तपासणी

असाइनमेंट बांधायला देण्यापूर्वी दोन रंगांच्या पेन्सिली घ्याव्यात. मजकुरातील प्रत्येक कंसातील संदर्भावर लाल खूण करून तो सूचीत शोधावा आणि सापडला की तेथे निळी खूण करावी. मजकुरात लाल खूण आहे पण सूचीत नोंद नाही, तर नोंद राहून गेली आहे. सूचीत नोंद आहे पण निळी खूण नाही, तर ते पुस्तक मजकुरात कोठेही वापरलेले नाही. एपीएच्या संदर्भसूचीत केवळ वजन वाढविण्यासाठी पुस्तकांची नावे देता येत नाहीत. जे मजकुरात आहे तेच सूचीत आणि जे सूचीत आहे ते मजकुरात, असा हा दुहेरी हिशेब आहे. आडनावाचे शुद्धलेखन आणि वर्ष दोन्हीकडे सारखे आहे की नाही, हेही त्याच फेरीत दिसून येते.

दुसऱ्या फेरीत कंस नसलेले परिच्छेद शोधावेत. सलग अर्धे पान एकही संदर्भ नसेल तर ते अर्धे पान आपल्या स्वतःच्या निरीक्षणाचे आहे काय, असे विचारावे. असेल तर उत्तम. वर्ग, तारीख आणि काय पाहिले ते तेथे आलेले असावे. नसेल तर वहीतील ‘भा.’ आणि ‘सा.’ या खुणा पुन्हा काढून पाहाव्यात. त्या पानावरचे श्रेय बहुधा तेथेच सापडते.